बारा महिन्यांची सरकती सरासरी घातली तरी मध्येच खड्डा आणि टेकडी का येते?

हिशेबाची_वही

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, चहा घेऊन बसा.

आई नाशिकला घरगुती फराळाचं करते. चकली, चिवडा, शंकरपाळे, भाजणी. सगळा हिशेब तिच्या लांबट वहीत. त्यातली तीन वर्षं मी शीटमध्ये उतरवली आहेत. २०२५ ची वही अजून बाकी आहे. दर बदलत राहतात म्हणून रुपये न घेता किलो घेतले. जानेवारी ते डिसेंबर असे:

```
2022: 62 55 66 78 91 58 49 63 60 318  46 64
2023: 66 57 64 85 96 61 55 58 71  97 284 59
2024: 70 61 69 88 99 57 60 66 74 336  52 66
```

आईचा प्रश्न साधा आहे. “वाढतंय की नाही ते सांग, मग मदतीला अजून एक बाई ठेवायची का ते ठरवते.” नुसत्या आलेखावर काही कळत नाही, कारण दिवाळीचा सुळका सगळं झाकून टाकतो. म्हणून सरकती सरासरी घालायला घेतली. ३ महिन्यांची घातली तर सुळक्याचा डोंगर झाला. ६ ची घातली तर पायऱ्या आल्या. मग एका व्हिडिओत सांगितलं होतं त्याप्रमाणे १२ ची घेतली, ती पण मध्यावर बसवलेली. जुलै २०२२ च्या ओळीत हे सूत्र आहे आणि तेच खाली ओढलं आहे:

```
=(B2/2+SUM(B3:B13)+B14/2)/12
```

रेषा छान सपाट आली, दोन जागा सोडून. मार्च २०२३ ला ८६.३, एप्रिलला ७७.५, मेला ७८.३ आणि जूनला परत ८८. पुढच्या वर्षी बरोबर उलट: मार्च २०२४ ला ९०.२, एप्रिल-मेला १००च्या वर, जूनला ९१.

आईला दाखवलं तर ती म्हणाली, “२०२३ च्या मे महिन्यात पाहुण्यांच्या ऑर्डरींनी हात दुखायची वेळ आली होती, आणि तुझा कागद म्हणतो धंदा बसला?” तिचं बरोबर आहे, त्या मेचा आकडा ९६ आहे. सूत्र दोनदा तपासलं, चूक नाही. मग खिडकी चुकली का? १३ घेऊ? १८?

---

सरळरेषा

१२ हा सम आकडा आहे, त्याला मधला महिनाच नसतो. म्हणून तुला ते अर्धं-अर्धं करावं लागतंय आणि तिथेच घोळ होतोय. सरळ १३ घे. सहा मागचे, सहा पुढचे, मधला तो. आणि तरीही रेषा हलली तर १८ कर. खिडकी जितकी मोठी, रेषा तितकी गुळगुळीत. एवढं सोपं आहे.

---

कँडलवाला

भाऊ, ५० आणि २०० ची सरासरी एकत्र लावा. छोटी रेषा मोठीला खालून वर छेदून गेली की तेजी, वरून खाली गेली की बाहेर पडा. मी सहा वर्षं हेच वापरतोय.

---

हिशेबाची_वही

कँडलवाला, तुमचे ते दिवस आहेत आणि माझे महिने. २०० महिने म्हणजे जवळजवळ सतरा वर्षं झाली. शिवाय आई चकलीच्या धंद्यातून बाहेर पडणार नाही. :)

सरळरेषा, १३ घालून बघितली. मागचे १३ महिने घेऊन साधी सरासरी. २०२३ चा खड्डा गेला! पण ऑक्टोबर २०२४ ला १०९ आणि नोव्हेंबरला १०६ येतात, डिसेंबरला एकदम ८९. म्हणजे खड्डा बुजला, पण टेकडी दोन महिन्यांची राहिलीच. हे काय गौडबंगाल?

---

आकडेबाई

मी तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे, त्यामुळे वेळ आहे. खिडकी १२ चीच ठेवा. तुमच्या आकड्यांत एक गोष्ट अशी आहे जी इंग्रजी महिन्यांचं ऐकत नाही, आणि ती कोणती हे आईला विचारलं असतंत तर तिने लगेच सांगितलं असतं.

आधी १२ का, ते बघू. लागोपाठचे कुठलेही बारा महिने घ्या, त्यात एक मे असतो, एक जुलै असतो, एक ऑक्टोबर असतो. खिडकी एक घर पुढे सरकली की एक महिना बाहेर जातो आणि त्याच नावाचा पुढच्या वर्षीचा महिना आत येतो. म्हणून हंगाम आपोआप मिटतो. सहाच्या खिडकीत तसं होत नाही. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२३ यांची सरासरी १०२.५ येते आणि लगेच पुढच्या एप्रिल ते सप्टेंबरची ७१. धंद्यात काहीच बदललेलं नाही, पहिल्या खिडकीत दिवाळी आहे आणि दुसरीत नाही, इतकंच.

सरळरेषा, १८ चं तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. मोठ्या खिडकीने फुटकळ खडबडीतपणा कमी होतो, हंगाम मात्र जातोच असं नाही. १८ महिन्यांत कधी एक दिवाळी येते, कधी दोन. मागच्या १८ महिन्यांची सरासरी जून २०२३ ला ७९.९, डिसेंबर २०२३ ला ९१.८, जून २०२४ ला ८३.२ आणि डिसेंबर २०२४ ला ९५.७ येते. गुळगुळीत म्हणाल तर गुळगुळीत आहे, पण करवतीच्या दात्यांसारखी खालीवर होते. वार्षिक हंगाम घालवायचा तर १२, नाहीतर २४. मधलं काही नाही.

आता तुमचा खड्डा. मध्यावर बसवलेली रेषा क्षणभर बाजूला ठेवा आणि मागच्या बारा महिन्यांची साधी सरासरी काढा. डिसेंबर २०२२ च्या ओळीत `=AVERAGE(B2:B13)` लिहा आणि खाली ओढा. मग सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर २०२३ ला काय येतं ते इथे टाका.

---

हिशेबाची_वही

सप्टेंबर २०२३: ८६.७५
ऑक्टोबर २०२३: ६८.३३
नोव्हेंबर २०२३: ८८.१७

म्हणजे फक्त एका महिन्यात खड्डा. २०२४ ला सप्टेंबर ९०.३३, ऑक्टोबर ११०.२५, नोव्हेंबर ९०.९२. पण मग मध्यावर बसवल्यावर हे एप्रिल-मेमध्ये कसं गेलं?

---

आकडेबाई

नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या बारा महिन्यांचा मध्य एप्रिल आणि मे यांच्या फटीत पडतो. तुमचं अर्धं-अर्धं सूत्र ते एकच वाईट उत्तर एप्रिल आणि मे या दोघांत वाटून देतं. म्हणून खड्डा अर्धा खोल आणि दोन महिने रुंद झाला. मे महिन्याचा त्यात काही दोष नाही, आईला सांगा.

आता ६८ का आले ते बघा. सरकती सरासरी एका पावलात किती हलते, याचा हिशेब फार सोपा आहे. आत आलेला महिना वजा बाहेर गेलेला महिना, भागिले बारा. ऑक्टोबर २०२३ ला आत आले ९७ आणि बाहेर गेले ऑक्टोबर २०२२ चे ३१८. वजाबाकी उणे २२१, भागिले १२, म्हणजे उणे १८.४. बरोबर तेवढीच रेषा पडली आहे. रेषेत कुठेही विचित्र वळण दिसलं की मी पहिल्यांदा ही वजाबाकी करते, आणि दहांतले नऊ गुन्हेगार तिथेच सापडतात. बऱ्याचदा गुन्हेगार आत आलेल्या महिन्यात नसतो, वर्षापूर्वीच्या, बाहेर जाणाऱ्या महिन्यात असतो.

आता कॅलेंडर काढा. २०२२ ला लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ ला अधिक श्रावण आला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला गेलं. २०२४ ला ते १ नोव्हेंबर, पण फराळ त्याआधी घरात यायला हवा, म्हणजे विक्री सगळी ऑक्टोबरची.

नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ हे बारा महिने मोजा. त्यात दिवाळीच नाही! २०२२ ची आधी होऊन गेली, २०२३ ची अजून यायची आहे, फार तर तिच्या सुरुवातीच्या ऑर्डरी असतील. आणि नोव्हेंबर २०२३ ते ऑक्टोबर २०२४ या बारा महिन्यांत दिवाळीच्या फराळाची विक्री दोनदा आहे. खड्डा आणि टेकडी यापलीकडे काही नाही.

तुमच्या १३ ने खड्डा का बुजवला तेही दिसेल. तेराव्या घरात ऑक्टोबर २०२२ आत राहिला आणि त्याने दिवाळी उसनी आणून दिली. पुढच्या वर्षी त्याच तेराव्या घराने नोव्हेंबर २०२३ अजून एक महिना धरून ठेवला, म्हणून टेकडी रुंद झाली. एरवीही १३ च्या खिडकीत कुठला तरी एक महिना दोनदा मोजला जातो. ऑक्टोबरच्या ओळीत दोन ऑक्टोबर, मेच्या ओळीत दोन मे.

---

सरळरेषा

ओके, १३ चं माझं मागे घेतो. मध्यभागी बसण्याचा मुद्दा डोक्यात होता, दोनदा मोजण्याचा लक्षातच आला नाही. पण मग दिवाळी हा सरळ अपवादात्मक आकडा आहे. काढून टाका ना तो महिना. ऑक्टोबर-नोव्हेंबर वगळून दहा महिन्यांची सरासरी.

---

आकडेबाई

२०२३ मध्ये एकूण १०५३ किलोंतले जवळजवळ पाव दिवाळीचे असतील. तो अपवाद म्हणून टाकून दिला तर आई मला लाटणं घेऊन शोधत येईल. तो टाकायचा नाही, वेगळा ठेवायचा.

हिशेबाची_वही, तुमच्याकडे दिवाळीच्या ऑर्डरी वेगळ्या ओळखू येतात का?

---

हिशेबाची_वही

येतात! आई दिवाळीच्या ऑर्डरी लाल शाईने लिहिते आणि समासात “दि.” करते. आज संध्याकाळी बसून मोजल्या.

२०२२: ऑक्टोबरमध्ये २६२ किलो.
२०२३: ऑक्टोबरमध्ये ४१, नोव्हेंबरमध्ये २३६, मिळून २७७.
२०२४: ऑक्टोबरमध्ये २८१, नोव्हेंबरच्या पहिल्या तीन दिवसांत भाऊबीजेपर्यंत ५, मिळून २८६.

हे वजा करून उरलेल्या आकड्यांवर १२ ची सरासरी घातली. आता ऐका: सप्टेंबर २०२३ ला ६४.९, ऑक्टोबरला ६४.९, नोव्हेंबरला ६५.१. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२४: ६७.३, ६७.२, ६७.१. खड्डाही नाही, टेकडीही नाही. मला वाटलं सूत्र चुकून गोठलं की काय, म्हणून हाताने केलं. बरोबर आहे.

---

आकडेबाई

शाबास. आता दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. रोजच्या विक्रीची रेषा, आणि दिवाळीचे वर्षाला एक असे तीन खांब. रोजचं एकूण ७४८, ७७६, ८१२. दिवाळी २६२, २७७, २८६. दोन्ही चढते आहेत. पण आईचा प्रश्न बाई ठेवण्याचा आहे ना? बारा महिने ठेवायची तर रोजची रेषा बघा, फक्त सणाला ठेवायची तर खांब. एका रेषेत दोन्ही मिसळले असते तर उत्तर दोन्हींचं नसतं.

---

सुकामेवा_मिरज

धागा वाचून डोकं खाजवायला लागलो. माझं मिरजेत खजूर, शेवया, सुकामेव्याचं दुकान आहे. माझ्या अकाउंटंटने गेल्या आर्थिक वर्षाचा आलेख काढून सांगितलं की २०२४-२५ फारच भारी गेलं, गोदाम वाढवा. मी वाढवायच्या बेतात होतो.

आत्ता मोजलं. ईद २०२४ ला ११ एप्रिलला होती आणि २०२५ ला ३१ मार्चला. म्हणजे त्या एका आर्थिक वर्षात दोन ईद!

आकडेबाई, मग मी पण मार्च-एप्रिल एकत्र करू का?

---

आकडेबाई

तुमची केस फराळापेक्षा अवघड आहे. दिवाळी पुढे-मागे होते, पण दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकोणीसेक दिवस पुढे उडी मारते. त्यामुळे ती ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अंगणातच राहते. ईदला अधिक महिना नाही. ती दरवर्षी दहा-अकरा दिवस मागेच जात राहते, आणि तेहतीसेक वर्षांत सगळे महिने फिरून येते. २०२२ ला ३ मे होती, २०२३ ला २२ एप्रिल, मग ११ एप्रिल, मग ३१ मार्च. आज मार्च-एप्रिलची जोडी केलीत तर दोन-तीन वर्षांत ती जोडी निरुपयोगी होईल.

तुम्हाला एकच मार्ग दिसतो: रमजानची विक्री बाजूला काढा. बिलात लाल शाई नसेल, पण चंद्रदर्शनाच्या आधीचे तीस दिवस धरा. त्या दिवसांत नेहमीच्या महिन्याला जेवढी विक्री होते तेवढी मूळ रेषेत ठेवा आणि वरची सगळी ईदच्या खांबात. अंदाज आहे, पण दोन ईदच्या वर्षाला भारी वर्ष म्हणण्यापेक्षा बरा.

आणि तुमच्या अकाउंटंटला एक सांगा. ११ एप्रिल २०२४ च्या ईदची बरीचशी खरेदी त्या मार्चमध्येच झाली असेल, म्हणजे ती आधीच्या आर्थिक वर्षात गेली. दोन पूर्ण ईद नाहीत, दीडेक असतील. दुकानाची मार्च-एप्रिलची रोजकीर्द बघितल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही.

---

सुकामेवा_मिरज

रोजकीर्द आहे. बघतो. गोदामाचं तूर्त थांबवलं.

---

पल्लवी_एडिसन

मी न्यू जर्सीत एका रिटेल कंपनीत हेच काम करते. आमच्याकडे दिवाळीच्या जागी ईस्टर. २०२४ ला ३१ मार्च, २०२५ ला २० एप्रिल. पहिली दोन वर्षं मी मार्च-एप्रिलच्या तुलनेवर शिव्या खाल्ल्या. अमेरिकेच्या जनगणना खात्याचं `X-13ARIMA-SEATS` नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात ईस्टरचा परिणाम वेगळा काढायची सोय तयारच मिळते. दिवाळीची मात्र तारखांची यादी आपण बनवून द्यावी लागते. पण छत्तीस महिन्यांसाठी ते म्हणजे चकली तळायला कारखाना टाकण्यासारखं आहे, लाल शाई जास्त भरवशाची.

चीनमध्ये यावर फार साधा उपाय करतात. तिथलं चांद्र नववर्ष कधी जानेवारीत येतं, कधी फेब्रुवारीत. मग त्यांचं सांख्यिकी खातं बरेचसे आकडे जानेवारी-फेब्रुवारी एकत्र करूनच देतं. ज्यांच्याकडे लाल शाईची वही नाही त्यांनी ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची बेरीज करून दोघांत निम्मी-निम्मी वाटली तरी पुष्कळ काम होतं.

आणि एक अवांतर प्रश्न. आमचं दिवाळीचं पार्सल नाशिकहूनच येतं, पण ते सप्टेंबरच्या मध्यालाच निघतं. असली पार्सलं कुठे धरली आहेत?

---

हिशेबाची_वही

निम्मं-निम्मं करून बघितलं. ऑक्टोबर २०२३ ला ८७.५ येतात आणि ऑक्टोबर २०२४ ला ९०.६. आजूबाजूला ८६.७५ आणि ९०.३, म्हणजे बसतंय. वही नसती तर हेच केलं असतं.

पार्सलांचा प्रश्न मात्र भारी काढलात ताई. आईला विचारलं. परदेशी पार्सलं ती काळ्या शाईने लिहिते, कारण “ती कुरियरवाल्याची घाई, दिवाळीची नाही.” सप्टेंबर २०२३ ला ७१ आणि २०२४ ला ७४ आहेत, २०२२ ला ६० होते. म्हणजे माझ्या ‘रोजच्या’ रेषेतली थोडी वाढ खरं तर दिवाळीचीच असू शकेल?

---

आकडेबाई

असू शकेल. माझ्या मते ती दिवाळीच्या खांबात जायला हवीत. कशासाठी घेतलं ते बघायचं, कधी घेतलं ते नाही.

---

पल्लवी_एडिसन

इथे मी असहमत. त्यांचा प्रश्न हातांचा आहे. सप्टेंबरमध्ये कढईसमोर कोण उभं राहणार हे ठरवायचं असेल तर पार्सल सप्टेंबरमध्येच मोजलं पाहिजे. शिवाय ती दरवर्षी सप्टेंबरच्या मध्यालाच निघतात, दिवाळी कधीही असो. मग १२ च्या खिडकीला त्यांचा त्रास नाहीच.

---

आकडेबाई

हा दुसरा मुद्दा बिनतोड आहे. जे दरवर्षी त्याच महिन्यात येतं ते खिडकी आपोआप मिटवते. पण कुरियरवाल्याची तारीख खरंच ठरलेली असते का? दिवाळी १२ नोव्हेंबरला असताना लोक सप्टेंबरच्या मध्यालाच पार्सल पाठवत होते? मला शंका आहे. वहीत तारखा बघा.

---

सरळरेषा

माझा अजून एक प्रश्न, यावेळी जरा घाबरत. मध्यावर बसवलेली घ्यायची की मागच्या बारा महिन्यांची? ती मध्यावरची शेवटचे सहा महिने दाखवतच नाही. डिसेंबर २०२४ पर्यंत आकडे आहेत आणि रेषा जून २०२४ ला संपते.

---

आकडेबाई

घाबरू नका, प्रश्न चांगला आहे.

“केव्हा काय झालं” हे मागे वळून बघायचं असेल तर मध्यावरची, कारण ती वळण योग्य जागी दाखवते. “आत्ता काय चाललंय” यासाठी मागच्या बारा महिन्यांची, पण ती साडेपाच महिने उशिरा बोलते हे लक्षात ठेवून. समजा जुलैत शेजारी दुसरं फराळ केंद्र उघडलं आणि विक्री एकदम खाली गेली. मागची रेषा एकदम पडणार नाही, वर्षभर दर महिन्याला थोडी थोडी उतरत राहील. बघणाऱ्याला वाटेल धंदा हळूहळू खंगतोय. आणि मध्यावरची तर जानेवारीपासूनच उतरायला लागेल, म्हणजे केंद्र उघडायच्या आधीच! मी एका वर्गात हे दाखवलं तेव्हा एका मुलाने विचारलं होतं, “मॅडम, गिऱ्हाइकांना आधीच कळलं होतं का?”

म्हणून आत्ताची बातमी हवी असेल तर सरासरी सोडून सरळ गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा, दिवाळी वजा करून. रेषेचं एक पाऊल म्हणजे त्याच वजाबाकीचा बारावा भाग, हे वर बघितलंच आहे.

---

हिशेबाची_वही

केली. दिवाळी वजा करून २०२४ चे बारापैकी दहा महिने २०२३ पेक्षा वर आहेत. जून ६१ चे ५७ झाले आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर ५६, ४८ चे ५५, ४७.

---

आकडेबाई

मग ते दहा नाहीत, नऊ आहेत. परत मोजा. :)

---

हिशेबाची_वही

खरंच की. जून, ऑक्टोबर, नोव्हेंबर तीन खाली, नऊ वर. आईला दहा सांगून बसलो होतो, फोन करतो.

ती तशीही बाई ठेवायच्या बाजूने झुकली आहे, पण म्हणते २०२५ ची वही उतरव मग बोलू. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातही लाल शाई असणार. आणि २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, दिवाळी ८ नोव्हेंबरला. ऑक्टोबर २०२६ ला परत खड्डा पडणार ना?

---

आकडेबाई

लाल शाई वेगळी न काढता रेषा काढलीत तर पडेल. किती खोल ते सांगता येत नाही. ८ नोव्हेंबर म्हणजे बरीच विक्री ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात येईल, २०२३ पेक्षा जास्त. त्यामुळे उथळ असावा. दुसरा सोपा मार्ग म्हणजे एकत्रित आकड्यांची रेषा ऑक्टोबरच्या ओळीत वाचायचीच नाही. डिसेंबरच्या किंवा मार्चच्या ओळीत बारा महिन्यांत नेहमी एकच दिवाळी असते.

---

कँडलवाला

सर्व वाचलं. म्हणजे मुहूर्त ट्रेडिंगचा महिना बदलतो म्हणून माझ्या पण चार्टमध्ये गडबड असेल का?

---

सरळरेषा

कँडलवाला, मुहूर्ताचा बाजार जेमतेम तासभर असतो. तुमची गडबड दुसरीकडे आहे.

---

हिशेबाची_वही

पार्सलांच्या तारखा बघितल्या. २०२२ ला पहिलं पार्सल १२ सप्टेंबर, २०२४ ला १७ सप्टेंबर. २०२३ च्या पानावर हळदीचा डाग पडला आहे. आकडा १९ आहे की २९ ते आईलाही लागत नाहीये.